नव्वद टक्के सहमती पुरेशी का ठरत नाही : समीक्षकांना लिहायच्या उत्तरपत्रातील एका टिपणाची उकल

संशोधनपत्रिकेकडे पाठवलेला निबंध ‘मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा’ असा शेरा घेऊन परत येतो, तेव्हा संपादकांच्या पत्राखाली दोन किंवा तीन समीक्षकांची टिपणे जोडलेली असतात. दुरुस्त निबंधासोबत लेखकाला आणखी एक मजकूर पाठवावा लागतो. प्रत्येक टिपणावर आपले म्हणणे काय आहे आणि त्यानुसार निबंधात कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत काय बदलले, हे त्यात क्रमाने लिहायचे असते. हे उत्तरपत्र संपादक वाचतात आणि बहुतेक ठिकाणी ते समीक्षकांकडेही जाते. समीक्षकाला संपूर्ण निबंध पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला वेळ असतोच असे नाही, म्हणून तो आधी उत्तरपत्र उघडतो आणि तेथून निबंधातील बदललेल्या जागांकडे वळतो. त्यामुळे हे पत्र लिहिताना आभारांच्या भाषेपेक्षा त्यातील प्रत्येक उत्तर तपासून पाहता येईल असे आहे का, याची काळजी अधिक घ्यावी लागते.

मी संज्ञापन या विषयात पीएचडीचे काम करते. आमच्या क्षेत्रात, विशेषतः बातम्यांच्या आशय विश्लेषणात, एक टिपण इतक्या वेळा येते की ते स्वतंत्रपणे समजून घेण्याजोगे आहे. ते असे : ‘लेखकांनी दोन कोडरमधील सहमतीची केवळ टक्केवारी दिली आहे, योगायोगाने होणारी सहमती वगळणारा गुणांक द्यावा.’ कोडर म्हणजे ठरलेल्या नियमांनुसार प्रत्येक बातमीची वर्गवारी नोंदवणारा वाचक. वरवर पाहता ही एका आकड्याची मागणी आहे. प्रत्यक्षात तो आकडा काढायला बसल्यावर निबंधाचा एखादा निष्कर्षच उरत नाही, असे होऊ शकते, आणि मग उत्तरपत्रात काय लिहायचे हा खरा प्रश्न उभा राहतो. पुढील उदाहरण मी समजावण्यासाठी रचलेले आहे, परंतु त्यातील गणित कोणीही कागदावर करून पाहू शकेल.

समजा, पूरविषयक ४०० बातम्यांचा अभ्यास आहे. निम्म्या बातम्या राष्ट्रीय दैनिकांतील आणि निम्म्या स्थानिक दैनिकांतील आहेत. प्रत्येक बातमीत पाच चौकटींपैकी, म्हणजे घटना मांडण्याच्या पाच दृष्टिकोनांपैकी, कोणत्या दिसतात हे ठरवायचे आहे : जबाबदारी, संघर्ष, मानवी कथा, आर्थिक परिणाम आणि नैतिकता. या पाच चौकटी सेमेत्को आणि वाल्केनबुर्ग यांच्या २००० मधील, युरोपीय राजकारणाविषयीच्या डच बातम्यांच्या अभ्यासामुळे रूढ झाल्या आणि त्या ओळखण्यासाठी हो-नाही स्वरूपाचे प्रश्न विचारण्याची पद्धतही तेव्हापासून प्रचलित झाली. हे प्रश्न, त्यांचे नियम आणि उदाहरणे ज्या पुस्तिकेत लिहिलेली असतात तिला कोडबुक म्हणतात. लेखिकेने सर्व ४०० बातम्यांचे कोडिंग स्वतः केले. तिचा निवाडा व्यक्तिगत नाही हे दाखवण्यासाठी दुसऱ्या कोडरने त्यांपैकी यादृच्छिकपणे निवडलेल्या ५० बातम्या स्वतंत्रपणे, तिची उत्तरे न पाहता कोड केल्या. पहिल्या निबंधात एकच वाक्य होते : ‘सर्व चौकटींची सरासरी सहमती ९१ टक्के आहे.’

आता त्या ५० बातम्यांतील फक्त नैतिकतेच्या चौकटीकडे पाहू. दोघांनीही ‘नाही’ म्हटले अशा बातम्या ४४ आहेत आणि दोघांनीही ‘हो’ म्हटले अशी बातमी एकच आहे. उरलेल्या ५ बातम्यांत मतभेद आहे. त्यांपैकी ३ ठिकाणी लेखिकेने ‘हो’ म्हटले आणि २ ठिकाणी दुसऱ्या कोडरने. म्हणजे ५० पैकी ४५ ठिकाणी मते जुळली आणि सहमती ९० टक्के झाली. हा आकडा भरवशाचा वाटतो. परंतु दुसऱ्या कोडरने एकही बातमी न वाचता सगळीकडे ‘नाही’ लिहिले असते तर काय झाले असते? लेखिकेने ४६ बातम्यांना ‘नाही’ म्हटले होते, म्हणून सहमती ९२ टक्के झाली असती. काळजीपूर्वक वाचणाऱ्यापेक्षा न वाचणाऱ्याचा आकडा वरचढ ठरतो, आणि समीक्षकाचा आक्षेप नेमका याच जागी आहे. एखादी गोष्ट बातम्यांत क्वचितच आढळत असेल, तर ती नसल्याबद्दल सहमती होणे फार सोपे असते आणि टक्केवारी ते सोपेपण मोजत नाही.

योगायोग वगळणारे गुणांक अनेक आहेत. स्कॉट यांचा पाय १९५५ मधला आहे आणि कोहेन यांचा कापा १९६० मधला. आशय विश्लेषणात आज सर्वाधिक मागितला जातो तो क्रिपेनडॉर्फ यांचा अल्फा, कारण दोनपेक्षा अधिक कोडर असोत, काही नोंदी गहाळ असोत किंवा मोजमाप क्रमवाचक असो, तो सगळीकडे लागू होतो. त्यामागची कल्पना चिठ्ठ्यांनी समजते. दोन कोडरनी ५० बातम्यांवर मिळून १०० उत्तरे दिली, ती १०० चिठ्ठ्यांवर लिहून एका डब्यात टाकली असे समजा. नैतिकतेच्या बाबतीत त्यांत ‘हो’च्या ७ आणि ‘नाही’च्या ९३ चिठ्ठ्या असतील. आता डोळे मिटून दोन चिठ्ठ्या काढल्या तर त्या वेगवेगळ्या निघण्याची शक्यता २ गुणिले ७ गुणिले ९३, भागिले १०० गुणिले ९९, म्हणजे सुमारे १३.१५ टक्के येते. केवळ नशिबावर सोडले असते तर इतका मतभेद झाला असता. प्रत्यक्षात झालेला मतभेद १० टक्के आहे. १० ला १३.१५ ने भागले की ०.७६ येतात, ते १ मधून वजा केले की अल्फा ०.२४ मिळतो. मतभेद अजिबात नसेल तर अल्फा १ येतो आणि मतभेद नशिबाइतकाच असेल तर ० येतो. क्रिपेनडॉर्फ यांनी सुचवलेला दंडक असा की अल्फा ०.८०० किंवा त्याहून अधिक असेल तर त्या चलावर, म्हणजे मोजलेल्या त्या गोष्टीवर, विसंबावे, ०.६६७ ते ०.८०० या पट्ट्यात असेल तर निष्कर्ष तात्पुरते मानावेत आणि त्याखाली असेल तर तो विदा, म्हणजे त्या नोंदी, वापरू नये. ०.२४ तर ०.६६७ च्याही खूप खाली आहे.

जबाबदारीच्या चौकटीचे चित्र याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. तेथे दोघांनीही ‘हो’ म्हटलेल्या बातम्या २२, दोघांनीही ‘नाही’ म्हटलेल्या २३ आणि मतभेद पुन्हा ५. सहमती तीच, ९० टक्के. परंतु येथे चिठ्ठ्या ४९ आणि ५१ अशा जवळजवळ निम्म्यानिम्म्या आहेत, त्यामुळे नशिबाने होऊ शकणारा मतभेद सुमारे ५०.५ टक्के आहे आणि अल्फा ०.८० येतो. सहमतीची टक्केवारी तंतोतंत सारखी असूनही एका चौकटीचे मोजमाप टिकते आणि दुसऱ्या चौकटीचे कोसळते. सर्व चौकटींची सरासरी देणे हे म्हणूनच अपुरे ठरते : चांगल्या चार चलांच्या आडोशाला एक वाईट चल लपून जाते. समीक्षक प्रत्येक चलाचा गुणांक स्वतंत्रपणे मागतात, त्यामागचे कारण हेच आहे.

येथे लेखिकेपुढे काही वाटा असतात आणि त्यांतल्या दोन फसव्या आहेत. पहिली वाट म्हणजे मतभेदाच्या पाच बातम्यांवर दोघांनी चर्चा करायची, एकमत करायचे आणि मग गुणांक पुन्हा काढायचा. चर्चेनंतरचा आकडा दोन स्वतंत्र वाचकांची सहमती सांगत नाही. दोघे किती वेळ बोलले एवढेच त्यातून कळते. दुसरी वाट अधिक मोहात पाडणारी आहे. क्वचित आढळणाऱ्या गोष्टींच्या बाबतीत कापा किंवा अल्फा अन्यायाने कमी येतो, असा युक्तिवाद संशोधन साहित्यात खरोखरच आहे आणि त्यावर उपाय म्हणून ग्वेट यांचा एसी-१ हा गुणांक सुचवला जातो. याच ५० बातम्यांसाठी एसी-१ काढला तर तो ०.८९ च्या आसपास येतो. अल्फा खाली आला म्हणून तेवढ्यापुरता एसी-१ द्यायचा आणि कारण म्हणून तो युक्तिवाद पुढे करायचा, ही पळवाट समीक्षकाच्या लगेच लक्षात येते. माझ्या मते गुणांकाची निवड विदा पाहण्याआधी झालेली असावी. ती नंतर बदलायची वेळ आलीच, तर दोन्ही आकडे शेजारीशेजारी द्यावेत. शिवाय येथे मूळ अडचण गुणांकाची नाहीच. ५० बातम्यांपैकी निदान एकाने तरी ‘हो’ म्हटले अशा बातम्या फक्त ६ आहेत आणि त्या सहांपैकी एकाच ठिकाणी दोघांचे जुळले आहे. नैतिकतेची चौकट ‘आहे’ असे म्हणताना हे दोन वाचक एकच गोष्ट पाहत नव्हते, हे गुणांकाशिवायही दिसते.

म्हणून करण्यासारखे काम म्हणजे त्या पाच बातम्या पुन्हा काढून वाचणे. उदाहरणातील मतभेद असे निघतात. लेखिकेने ज्या तीन बातम्यांना ‘हो’ म्हटले, त्यांत प्रशासनाच्या सूचना होत्या : नदीकाठी जाऊ नका, अफवा पसरवू नका. कोडबुकात एक प्रश्न होता, ‘लोकांनी कसे वागावे याबद्दल बातमी काही सांगते का?’ लेखिकेने तो शब्दशः घेतला. दुसऱ्या कोडरने सुरक्षिततेची सूचना म्हणजे नैतिक भाष्य नव्हे असे मानले. उलट, दुसऱ्या कोडरने ‘हो’ म्हटलेल्या दोन बातम्यांत पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी देणे हे पाप आहे, असे एका रहिवाशाचे उद्गार छापले होते. निवाडा बातमीदाराचा नसून उद्धृतातला आहे, म्हणून लेखिकेने तो सोडून दिला. कोडबुकात उद्धृतांबद्दल एक अक्षरही नव्हते. दोन्ही मतभेदांचे मूळ अशा रीतीने नियमांच्या अपुरेपणात सापडते, कोणाच्या निष्काळजीपणात नाही, आणि नियम दुरुस्त करता येतात : केवळ सुरक्षिततेची सूचना असेल तर ‘नाही’, योग्य-अयोग्याचा निवाडा असेल तर तो कोणाच्याही तोंडी असला तरी ‘हो’.

नियम बदलला की तीन कामे ओघाने येतात आणि ती टाळली गेली की उत्तरपत्र पोकळ होते. सहमतीची चाचणी नव्या बातम्यांवर घ्यावी लागते, कारण जुन्या ५० बातम्यांवर आता चर्चा होऊन गेली आहे. चाचणीचा नमुना मोठा घ्यावा लागतो, कारण क्वचित दिसणाऱ्या चौकटीच्या बाबतीत ५० बातम्या फार तोकड्या पडतात. त्या पाचांपैकी दोनच मतभेद दोघांच्या ‘हो’मध्ये बदलले असते तर अल्फा ०.२४ वरून सुमारे ०.६४ वर गेला असता, आणि दोन बातम्यांवर इतका डोलणारा आकडा कोणत्याच बाजूने पुरावा म्हणता येत नाही. तिसरे काम सर्वांत कष्टाचे आहे आणि नेमके तेच राहून जाते : बदललेल्या नियमाने सर्व ४०० बातम्यांचे ते चल पुन्हा कोड करावे लागते. विश्वासार्हता नव्या नियमाची मोजायची आणि निष्कर्ष मात्र जुन्या नियमाच्या विदावरून काढायचे, हे सुसंगत नाही.

समजा, उरलेल्या ३५० बातम्यांतून यादृच्छिकपणे १२० निवडल्या. दोघांचे ‘हो’ ११, दोघांचे ‘नाही’ १०६ आणि मतभेद ३. आता एकूण चिठ्ठ्या २४०, त्यांत ‘हो’च्या २५, वरच्याच रीतीने अल्फा ०.८७ येतो. मोजमाप आता टिकणारे आहे. परंतु पुन्हा केलेल्या कोडिंगमुळे निकालही बदलतो. आधी नैतिकतेची चौकट स्थानिक दैनिकांच्या २०० पैकी २३ आणि राष्ट्रीय दैनिकांच्या २०० पैकी ११ बातम्यांत होती, हा फरक ५ टक्के पातळीवर सार्थ होता आणि निबंधाच्या सारांशात तो ठळकपणे मांडलेला होता. नव्या नियमाने हे आकडे २२ आणि १९ झाले. सूचनांच्या बातम्या स्थानिक दैनिकांत अधिक छापल्या जात होत्या. जुन्या नियमाने त्या नैतिकतेत मोजल्या गेल्या आणि उद्धृतांतले निवाडे सुटले. आधी दिसलेला फरक वृत्तपत्रांच्या नैतिक भूमिकेतला नव्हता, तो कोडबुकातून आलेला होता.

हे उत्तरपत्रात कसे लिहावे? लेखकाची पहिली इच्छा अशी होते की नवा अल्फा द्यावा आणि सारांशातील वाक्य गुपचूप काढून टाकावे. तसे करू नये असे मला अगदी मनापासून वाटते, कारण समीक्षकाजवळ जुना निबंध असतोच, आणि एक नाहीसे झालेले वाक्य त्याला सापडले की पुढच्या प्रत्येक उत्तराकडे तो संशयाने पाहू लागतो. आधी टिपण जसेच्या तसे उतरवावे, मग त्याखाली उत्तर लिहावे. या उदाहरणात ते असे लिहिता येईल :

‘समीक्षक २, टिपण ४ : लेखकांनी केवळ सहमतीची सरासरी टक्केवारी दिली आहे. योगायोगाने होणारी सहमती वगळणारा गुणांक प्रत्येक चलासाठी स्वतंत्रपणे द्यावा.

उत्तर : आपला आक्षेप योग्य आहे. प्रत्येक चौकटीचा क्रिपेनडॉर्फ अल्फा काढला असता चार चौकटींचे मूल्य ०.८० किंवा त्याहून अधिक आले, परंतु नैतिकतेच्या चौकटीचे मूल्य ०.२४ आले. मतभेदाच्या बातम्या तपासल्यावर कोडबुकातील दोन उणिवा आढळल्या : सुरक्षिततेच्या सूचना आणि उद्धृतांतील निवाडे यांबद्दल नियम नव्हते. आम्ही ते नियम लिहिले, आधी न वापरलेल्या १२० बातम्यांवर स्वतंत्र चाचणी घेतली (अल्फा ०.८७) आणि सर्व ४०० बातम्यांचे हे चल पुन्हा कोड केले. या बदलामुळे स्थानिक व राष्ट्रीय दैनिकांतील नैतिकतेच्या चौकटीचा फरक सांख्यिकीदृष्ट्या सार्थ राहिलेला नाही. संबंधित निष्कर्ष सारांशातून आणि चर्चेतून काढून टाकला असून पहिल्या चाचणीचे मूल्यही पद्धतीच्या विभागात नोंदवले आहे. बदल : पान ९, ओळी १४ ते ३१, पान १६, तक्ता ३, पान १, सारांश.’

या उत्तरात ‘आपल्या अमूल्य सूचनेबद्दल शतशः आभार’ असे काही नाही. पत्राच्या आरंभी एकदा आभार मानावेत, ते पुरतात. प्रत्येक टिपणाखाली तेच वाक्य पुन्हा आले की ते भरीचे वाटते आणि उत्तर शोधायला वेळ लागतो. ‘सुचवल्याप्रमाणे बदल केला आहे’ एवढेच लिहून थांबणे ही उलट बाजूची चूक आहे, कारण काय बदलले हे समीक्षकाने पुन्हा शोधत बसायचे का? बदललेला परिच्छेद लहान असेल तर तो उत्तरातच उद्धृत करावा. निष्कर्ष गमावल्याची भीती अनेकांना वाटते. परंतु चार चौकटींचे निकाल येथे शाबूत आहेत, आणि नैतिकतेची चौकट मोजताना सूचना व उद्धृते कशी घोटाळा करतात, ही पद्धतीच्या चर्चेत लिहिण्याजोगी, पुढच्या संशोधकाला उपयोगी पडणारी नोंद त्यातून मिळते.

प्रत्येक टिपण मान्य करावे लागतेच असे मात्र नाही. याच निबंधावर आणखी एखादा समीक्षक असेही म्हणू शकतो की या चौकटींचा वाचकांच्या मतांवर काय परिणाम झाला हे लेखकांनी दाखवावे. आशय विश्लेषणातून बातमीत काय आहे हे कळते, वाचकाच्या मनात काय झाले हे कळत नाही. त्यासाठी प्रयोग किंवा सर्वेक्षण लागते आणि तो वेगळा अभ्यास ठरतो. अशा वेळी नकार देताना समीक्षकाला तसे का वाटले हे आधी पाहावे. बहुतेकदा निबंधातच कोठेतरी ‘या बातम्यांमुळे लोक प्रशासनाला दोषी मानू लागतात’ असे पुराव्यापलीकडचे वाक्य सापडते. ते वाक्य ‘या बातम्यांत प्रशासनाला दोषी म्हणून मांडले जाते’ असे बदलावे आणि उत्तरात लिहावे की परिणाम तपासणे या विदाच्या आवाक्याबाहेर आहे, मात्र परिणाम सूचित करणारी तीन वाक्ये आम्ही दुरुस्त केली आहेत. मागणी नाकारली तरी तिच्यामागच्या कारणाला उत्तर मिळते. दोन समीक्षकांच्या मागण्या परस्परविरुद्ध असतील, एकाला सिद्धान्ताचा भाग आखूड हवा असेल आणि दुसऱ्याला विस्तृत, तर संपादकांचे पत्र पुन्हा वाचावे. ते कशावर भर देतात त्यानुसार निवड करावी आणि दोन्ही समीक्षकांच्या उत्तरांत ती निवड सारख्याच शब्दांत सांगावी.

पाठवण्यापूर्वी एक तपासणी उरते, कारण अनेक पत्रिकांत लेखक आणि समीक्षक एकमेकांना अनोळखी ठेवले जातात. उत्तरपत्रात ‘दुसरे कोडर आमच्या विभागातील सहकारी’ असे लिहून विभागाचे नाव दिले, कोडबुक स्वतःच्या नावाच्या दुव्यावर ठेवले किंवा दुरुस्तीच्या खुणा दाखवणाऱ्या फाइलच्या माहितीत लेखकाचे नाव राहून गेले, तर ती अनोळख तेथेच संपते. पान आणि ओळींचे क्रमांकही सर्वांत शेवटी, निबंधाची अंतिम प्रत तयार झाल्यावरच भरावेत. तत्पूर्वी भरलेले क्रमांक एका परिच्छेदाच्या भरीनेही सरकतात आणि ‘पान ९, ओळ १४’ उघडणाऱ्या समीक्षकाला तेथे दुसरेच काही दिसते.